पडदा तोकडा पडला

शेवटची कडी रुळात अडकवून सुतार शिडीवरून उतरला, त्याने दोरी ओढली, आणि गर्द लाल मखमलीचे दोन्ही पल्ले सरसर पुढे येऊन मधोमध भिडले. पहिल्या रांगेत बसलेल्या घरच्या मंडळींनी टाळ्या वाजवल्या. मग एकेकाचे हात जागच्या जागी थांबले.

पडद्याखालून पाय दिसत होते. पलीकडे रंगमंच झाडणाऱ्या दोघांच्या चपला, घोटे आणि पोटऱ्यांचा बराचसा भाग, झाडूसकट.

"हे असंच असतं का?" धाकटीने विचारलं. ती आज इस्पितळातली पाळी बदलून आली होती आणि आईचं कौतुक करायचं हे तिने घरूनच ठरवून ठेवलं होतं.

"असं कसं असेल?" काका म्हणाले. तीस वर्षं कापडाचं दुकान चालवलेला माणूस, त्यांना विचारायचीही गरज नव्हती. "पडदा जमिनीला टेकायला हवा. हा तर पाणी साचलंय म्हणून वर उचलून धरल्यासारखा दिसतोय."

थोरल्या मुलाच्या बायकोने त्यांच्या पायावर हळूच पाय दिला. पण बोलून झालं होतं.

आई विंगेत उभी होती. तिने पडद्याकडे पाहिलं, मग खाली वाकून पाहिलं, मग सरळ उभी राहून पुन्हा पाहिलं. पहिला प्रयोग संध्याकाळी होता. नवं नाटक, नवा पडदा, आणि तिकिटं संपल्याची पाटी दारावर कालच लागली होती.

एवढंच असतं तरी पुरे होतं. पण गेल्या महिन्यात थोरल्याच्या घरी जेवताना जे ठरलं होतं ते या पाचही जणांना तोंडपाठ होतं. वडील, ज्यांना सगळे मास्तर म्हणायचे, जाऊन वर्ष होत आलं. आई त्या घरात एकटी, वर दोन खोल्या आणि खाली कारखाना. कारखाना म्हणजे शिवणाची दोन यंत्रं आणि खोलीभर लांबीचं एक टेबल, पण मास्तर त्याला कारखानाच म्हणायचे, म्हणून सगळेच म्हणायचे. थोरल्याने खालच्या जागेला भाडेकरू शोधला होता आणि स्वतःच्या घरातली मागची खोली रंगवून घेतली होती. आई तेव्हा म्हणाली होती, "नाट्यगृहाचा पडदा मी घेतलाय. माप मी लावणार, कापणार मी, शिवणार मी. तो नीट लागला तर पुन्हा हा विषय काढायचा नाही. नाही लागला तर तू म्हणशील त्या खोलीत येऊन राहते." काकांनी साक्षीदार म्हणून मान हलवली होती. साक्षीदार व्हायला काकांना फार आवडतं.

आता तो पडदा सगळ्यांच्या डोळ्यांसमोर लोंबत होता.

*

थोरल्याला पहिल्यांदा काय वाटलं ते त्याने नंतर बरेच दिवस कुणाला सांगितलं नाही. त्याला हायसं वाटलं. वर्षभर तो रोज सकाळी कामावर जाताना आईला फोन करत होता आणि चौथ्या घंटीपर्यंत तिने उचलला नाही तर गाडी कडेला घेऊन पुन्हा लावत होता. तो पूल तपासणारा इंजिनिअर. कुठे तडा जाईल याचा विचार करायचा पगार घेणारा माणूस, त्याला आई जिन्यावरून घसरलेली, आई गॅस सुरू ठेवून झोपलेली असं काहीबाही दिसत राहायचं. आता हे संपेल, असं त्याच्या मनात आलं, आणि लगेच आईच्या चेहऱ्याकडे पाहून त्याला स्वतःची लाज वाटली.

"आई," धाकटी उठून रंगमंचावर गेली. "जाऊ दे. तू इतकं केलंस तेच खूप झालं. कुणाकडूनही चुकतं. आपण यांना सांगू, जुना पडदा आजच्यापुरता लावा. आणि तू चार दिवस दादाकडे जा, आराम कर."

आईने तिच्याकडे चमकून पाहिलं. जेवणाच्या त्या रात्री हीच पोरगी टेबलावर मूठ आपटून म्हणाली होती की आईला कुणी हलवायचं नाही. पक्ष बदलायला तिला एक पडदा पुरला.

"मापात चूक नाही," आई म्हणाली.

"वहिनी, पाय दिसतायत," काका म्हणाले.

"मापात चूक नाही. मी तीनदा मोजलंय. कापायच्या आधी आणि कापल्यावर पुन्हा." तिने पिशवीतून टेप काढली. पिवळी, मऊ पडलेली कापडी टेप, टोकाला पितळी टोपी. मास्तरांच्या गळ्यात ती इतकी वर्षं असायची की ते आंघोळीला जातानाच काय ती काढत असतील, अशी घरात थट्टा होती. पहिले काही आकडे त्यांच्या अंगठ्याने घासून कधीच पुसले गेले होते. "थांबा, तुम्हाला दाखवते. सुतारदादा, तो पल्ला खाली घ्या."

पल्ला खाली आला, जमिनीवर पसरला. आई गुडघ्यांवर बसली आणि टेप लावत लावत वरपासून खालपर्यंत सरकत गेली, प्रत्येक वेळी टोकाला खडूची रेघ मारून. चार वेळा टेप लावली, शेवटी थोडंसं उरलं तेवढं वेगळं मोजलं, आणि मान वर केली. "बरोबर आहे. तुमच्या कागदावर जेवढी उंची लिहून दिली होती तेवढीच. तुमचं यंत्र चुकलंय."

सुतार साधा माणूस, पण यंत्र नवं होतं आणि त्याने स्वतःच्या हाताने लाल ठिपका वर तुळईवर टाकून उंची घेतली होती. "बाई, यंत्र कसं चुकेल?" तो म्हणाला. त्याने तेच यंत्र काढून पुन्हा ठिपका टाकला. आकडा तोच आला. मग त्याने पल्ल्याच्या एका टोकाला यंत्र आणि दुसऱ्या टोकाला पुठ्ठा धरून पडदा मोजला. आकडा दुसराच आला.

"मग तुमच्या यंत्राला कापड मोजता येत नसेल," आई म्हणाली. तिचा आवाज चढला होता. "या टेपने मास्तरांनी अर्ध्या गावाच्या खिडक्या झाकल्यात. एक पडदा परत आला नाही कधी. एक."

"वहिनी बरोबर बोलतायत," काका म्हणाले. "एकही नाही."

"तुम्ही मघाशी म्हणत होतात पाय दिसतायत," धाकटी म्हणाली.

"ते पण बरोबरच आहे."

आता थोरल्याची बायको बोलली. घरात ती कमी बोलते असं सगळे म्हणतात. खरं म्हणजे तिला बोलायला मोकळी जागाच कमी मिळते. "सुतारदादा, तुमच्याकडे साधी लोखंडी टेप आहे का?"

तिने लोखंडी टेप फळ्यांवर उघडून ठेवली आणि तिच्या शेजारी मास्तरांची पिवळी टेप पसरली, टोकाला टोक लावून. सगळे वाकले. पिवळी टेप दुसऱ्या टोकाला दीडशेचा आकडा सांगत होती. लोखंडी टेप तिथे एकशे बेचाळीसच सांगत होती.

 सुनेने पितळी टोपी बोटांनी थोडी वाकवली. आत टेपचं टोक कापलेलं होतं, सरळ, कात्रीने. पुढचा फाटलेला भाग मास्तरांनी कधीतरी कापून टाकला होता आणि टोपी तशीच पुन्हा बसवली होती. चार बोटं गेली होती, आणि पल्ल्यावर टेप पाच वेळा लागली होती, पाचही वेळा चार-चार बोटं.

*

आईला त्या क्षणी जे झालं ते पडद्याचं दुःख नव्हतं.

वर्षभर तिने एकेक गोष्ट हातात घेऊन पाहिली होती. सुरुवातीला काहीच धड नव्हतं. सकाळी दोन कप काढायचे, एक परत ठेवायचा. पलंगाच्या डाव्या कडेला झोपायची सवय, उजवीकडे हात गेला की जाग. पाव अर्धा संपायच्या आत शिळा व्हायचा. ओट्याशी उभ्याने जेवायचं, कारण एका ताटासाठी टेबल पुसायचा कंटाळा. रात्री गॅसचं बटण मास्तर बघायचे, आता ती तीन-तीनदा उठून बघायची आणि तरी खात्री नसायची. पहिला महिनाभर घरात माणसं येत-जात होती, मग ती आपापल्या कामाला लागली, आणि एक दिवस दुपारी दूधवाल्याशी बोलताना तिचा घसा बसल्यासारखा आवाज आला. सकाळपासून ती कुणाशीच बोलली नव्हती.

सगळ्यात वाईट संध्याकाळ. काम संपल्यापासून झोपेपर्यंतचा वेळ कुठे टाकायचा ते कळायचं नाही. अशाच एका संध्याकाळी नाट्यगृहाच्या खुर्च्यांची दोन फाटलेली आवरणं शिवून द्यायला ती इथे आली. तालीम चालू होती. कुणी तिला जा म्हटलं नाही, म्हणून ती मागच्या रांगेत बसली, शेजारच्या खुर्चीवर पिशवी ठेवून. दुसऱ्या दिवशी पुन्हा आली. मग रोजच. त्याच रांगेत, तीच खुर्ची, शेजारी पिशवी. एकदा नाटकातला नोकर ट्रे घेऊन धडपडला आणि ती मोठ्याने हसली. हसल्यावर इतकी घाबरली की पिशवी उचलून घरी निघून गेली. दोन दिवस आली नाही. तिसऱ्या दिवशी मात्र आली, कारण ट्रेचं पुढे काय झालं ते तिला पाहायचं होतं.

पडदा जुना झाला होता, चुण्यांच्या घड्यांत विरलेला. एक दिवस व्यवस्थापक त्याबद्दल कुरकुरत असताना तिच्या तोंडून निघून गेलं, "मी करून देईन." त्या रात्री तिने पहिल्यांदा मास्तरांच्या टेबलावरची चादर काढली. त्यांची मोठी कात्री तिच्या बोटांना सैल व्हायची, तिने मुठीला कापड गुंडाळलं. कापायचं काम आयुष्यभर त्यांचं, शिवायचं तिचं. मखमलीत पहिली कात्री घालताना ती मोठ्याने म्हणाली होती, "चालवू ना?" आणि उत्तर आलं नाही तरी चालवली होती.

त्या सगळ्यात एकच गोष्ट तिने तपासून पाहिली नव्हती. ती टेप. तिच्यावर ती डोळे मिटून विसंबली होती.

"म्हणजे इतकी वर्षं ते चुकीचं मोजत होते?" ती जमिनीवरच बसून म्हणाली. "आणि मला कळलं नाही."

*

"चुकीचं नव्हते मोजत," थोरला म्हणाला.

तो केव्हा रंगमंचावर चढला कुणी पाहिलं नाही. तो आईसमोर उकिडवा बसला आणि पिवळी टेप त्याने हातात घेतली. त्याच्या डोक्यात काहीतरी जुळत होतं आणि तो भराभर बोलू लागला, एरवी पुलांबद्दलच बोलतो तसा. "हे बघ. बाबा गिऱ्हाइकाच्या घरी जायचे. खिडकी कशाने मोजायचे?"

"याच टेपने."

"कापड कशाने मोजायचे?"

"याच टेपने."

"मग? खिडकीलाही चार बोटं चुकली, कापडालाही चार बोटं चुकली. दोन्हीकडे तेवढीच. पडदा बरोबर बसणारच. टेप तोकडी असली काय नि लांब असली काय, दोन्ही मापं तिचीच असली की झालं. या वेळेला उंची त्यांच्या यंत्राने घेतली आणि कापड तू बाबांच्या टेपने मोजलंस. एवढंच झालंय. तू चुकली नाहीस. बाबाही चुकले नाहीत. फक्त दोघांची मापं या वेळेला वेगवेगळ्या ठिकाणची होती."

आई त्याच्याकडे बघत राहिली. लहानपणी गणिताचं उत्तर सुटलं की त्याचे कान लाल व्हायचे. आताही झाले होते.

"शिडीवर चढायला मीच नको म्हटलं होतं तुला," तो जरा खालच्या आवाजात म्हणाला. "म्हणून त्यांना उंची घ्यायला सांगितलंस."

"हो. तूच."

धाकटीला हसू आलं. ते तिने दाबलं, पण काकांना आलेलं दाबता आलं नाही. हसता हसता त्यांना काहीतरी आठवलं. मग त्यांनी घसा खाकरला.

"मला एक सांगायचंय," ते म्हणाले. "मास्तर कायम म्हणायचे ना, की माझा भाऊ कापड मोजून देत नाही, मन लावून देतो? दर वेळी दोन हात जास्त भरतं म्हणून? लग्नाकार्यात सगळ्यांपुढे सांगायचे."

"हो, मग?"

"मी कधी एक बोटही जास्त दिलं नाही, वहिनी. मलाही कळायचं नाही जास्त कुठून भरतं ते. पण माणूस एवढ्या प्रेमाने सगळ्यांपुढे कौतुक करतोय, तर त्याला नाही कशाला म्हणा." काकांनी टोपी काढून हातात धरली. "आज कळलं. त्यांच्या टेपला माझं कापड नेहमीच जास्त भरणार."

आई हसली. वर्षभरात घरच्यांनी तिला असं हसताना पाहिलं नव्हतं. खांदे हलेपर्यंत, डोळ्यांत पाणी येईपर्यंत, आणि पाणी आलं ते नेमकं कशाचं ते तिलाही सांगता आलं नसतं. धाकटीने तिच्या पाठीवर हात ठेवला. आईने तो दूर केला नाही. कुणी अंगाला हात लावून किती दिवस झाले होते.

थोरल्याची बायको मात्र हसत नव्हती. ती बोटांवर काहीतरी मोजत होती. "आई," ती म्हणाली, "या वेळेलाही कापड उरलंय का?"

आईचं हसू थांबलं. "उरलंय. टेबलाखाली ठेवलंय. मला वाटलं काकांनी नेहमीसारखं..."

"कापडाच्या प्रत्येक उभ्या पन्ह्यात जेवढं कमी पडलं, तेवढंच त्या तुकड्यात आहे. दुसरीकडे जाणार कुठे ते? कापड तर काकांनी नाट्यगृहाच्या आकड्याने बरोबरच दिलं होतं."

सगळ्यांनी एकदम आईकडे पाहिलं. आई उठून उभी राहिली, आणि तिच्या उभं राहण्यावरूनच धाकटीला कळलं की आता कुणी आरामाचं नाव काढायचं नाही.

*

"खालून जोडायचं नाही," आई म्हणाली. "खाली जोड दिला तर पहिल्या रांगेला दिसेल. वर जोडायचं, चुण्यांत. वरची झालर वीतभर खाली येते, तिच्याखाली थोडी शिवण दिसेल, पण एवढ्या उंचावर कोण बघतंय?"

"त्यापेक्षा कड्या लांब केल्या तर?" थोरला म्हणाला. "साखळीने पडदा तेवढाच खाली सोडता येईल."

"झालरीखाली फट दिसेल. आणि मखमलीचं वजन साखळ्यांवर हेलकावे खाईल." तिने त्याच्याकडे पाहिलं. "तुझ्या पुलाला चालेल का?"

"नाही चालणार," तो म्हणाला. "मी गाडी काढतो. काय काय आणायचं?"

तो उरलेलं कापड, लहान यंत्र आणि दोऱ्याची रिळं आणायला धावला. खरंच धावला, पन्नाशीला टेकलेला माणूस, रांगांमधून. व्यवस्थापकाला कुणीतरी सगळं सांगितलं तेव्हा तो तोंडावर हात ठेवून खुर्चीतच बसला, मग आईने त्याला स्वच्छ चादरी आणायला पाठवलं. काम सांगितल्यावर त्याला जरा बरं वाटलं.

रंगमंचभर चादरी अंथरल्या. दोन्ही पल्ले पालथे घातले. वरची जाड पट्टी, जिच्यात कड्या बसवलेल्या होत्या, ती उसवायची होती. काका आणि सुतार एका पल्ल्यावर, सून आणि धाकटी दुसऱ्यावर. ब्लेडचा कोपरा टाक्याखाली घालायचा, दोरा तोडायचा, मखमलीला लागू द्यायचं नाही. काका बडबडले, "आयुष्यभर कापड विकलं, उसवायची वेळ आजच आली." धाकटीचा हात मात्र सराईत होता. टाके काढायची तिला सवयच होती.

"माणसांचे काढतेस तसे काढू नकोस," आई म्हणाली. "हळू. हे ओरडत नाही, फाटतं."

गाडी परत आली. उरलेला तुकडा टेबलाएवढा लांब होता. आईने लोखंडी टेप मागून घेतली आणि तुकड्याच्या आडव्या पट्ट्या आखल्या, दर पन्ह्याला एक. जोडाच्या शिवणीत जाणारं कापड कुठून आणायचं, हा प्रश्न होता. तो तिने उसवलेल्या वरच्या दुमडीतून सोडवला. कात्री उचलली, आणि थांबली. मग ती सुनेसमोर धरली.

"मी?" सून म्हणाली.

"मला यंत्र लावायचंय. रेघेवरून जा. कात्री उचलायची नाही, ढकलायची. पुढच्या टोकाने कापायचं नाही, मधल्या पात्याने."

सुनेने कापडावर कात्री ठेवली. या घरात येऊन तिला वीस वर्षं झाली, पण त्या मोठ्या टेबलाला तिने कधी पुसण्यापलीकडे हात लावला नव्हता. मास्तरांची कात्री कुणी उचलत नसे. ती हातात धरली की जड वाटते, आणि चालायला लागली की आपणच ओढून नेते, हे तिला आत्ता कळलं. पहिली पट्टी सुटली. कापडाचा तो कुरकुर आवाज तिला इतका आवडला की दुसरी पट्टी कापताना ती श्वास घ्यायला विसरली.

मखमल मशीनखाली सरकते, वरचं कापड पुढे आणि खालचं मागे राहतं, म्हणून आधी सगळीकडे कच्चा टाका घालावा लागला. धाकटी टाके घालत गेली, आई मागून यंत्रावर पक्कं करत गेली. थोरला कापडाचं ओझं दोन्ही हातांवर तोलून यंत्राच्या मागे मागे सरकत होता, आई म्हणेल तेव्हा पुढे, म्हणेल तेव्हा थांब. एकदा सुई तुटली. एकदा वीज मिचमिचली आणि सगळे एकदम वर बघायला लागले. दुपार कधी कलली ते कळलं नाही. नट मंडळी येऊ लागली, आपापल्या कपड्यांच्या खोलीत जाता जाता वाकून बघू लागली. ट्रे घेऊन पडणारा नोकर एक ट्रेभर चहा घेऊन आला आणि त्याने तो न पाडता दिला.

पहिला पल्ला झाला. दुसऱ्याच्या शेवटच्या पट्टीवर आईने सवयीने हात फिरवला आणि तिचा हात अडला.

"ही उलटी लागली आहे."

"कुठे उलटी? सगळं सारखं तर दिसतंय," धाकटी म्हणाली.

"हात फिरव. इथे वरून खाली गेलं की गुळगुळीत लागतं. आणि या पट्टीवर?"

धाकटीने हात फिरवला. केस उलटे विंचरल्यासारखे खरखरले. घाईत तिने पट्टी उलट्या बाजूने टाकली होती, आणि आईने ती पक्कीही करून टाकली होती. मखमलीची लव उलटी लागली की प्रकाशात तेवढाच तुकडा काळपट दिसतो. बाहेर दाराशी माणसांचा आवाज ऐकू येऊ लागला होता.

"राहू दे ना आता," धाकटी रडवेली झाली. "एवढ्या उंचावर कोण बघतंय, तूच म्हणालीस."

"शिवण नाही दिसणार. काळा चौकोन दिसेल." आईने ब्लेड उचललं. "मी उसवते, तू धर. तुझी चूक नाही, मी बघायला हवं होतं. बघायचं काम त्यांचं असायचं. ते शिवणीआधी प्रत्येक पट्टीवर हात फिरवायचे, आणि मी म्हणायचे, किती वेळ लावता."

उसवलं. पट्टी फिरवली. पुन्हा कच्चा टाका, पुन्हा पक्का. व्यवस्थापक दारातून आत डोकावला आणि तसाच परत गेला, आणि बाहेर त्याने प्रेक्षकांना काय सांगितलं ते त्याचं त्यालाच माहीत. कड्यांची पट्टी बसली. सुतार आणि थोरला दोघेही शिडीवर चढले. आईने वर पाहिलं, तिच्या जिभेवर "जपून" आलं होतं, ते तिने गिळलं. शिडीवरून पडायच्या काळज्या या घराण्यात दोन्ही बाजूंनी चालतात.

शेवटची कडी अडकली. सुताराने दोरी ओढली.

पल्ले आले, भिडले, डोलले आणि थांबले. खालची कड फळ्यांवर अलगद टेकली. धाकटी पोटावर आडवी होऊन फट आहे का ते बघायला लागली. तिला फट सापडली नाही. काकांनी टोपी डोक्यावर घातली आणि पुन्हा काढली. टाळ्या पहिल्यांदा शिडीवरून आल्या.

*

कारखान्याचा विषय कुणी काढायचा नाही असं ठरलं होतं, पण थोरल्यानेच तो काढला. हात धुवून, बाहेरच्या पायऱ्यांवर उभा राहून त्याने आधी एक फोन केला आणि मग आत आला. "भाडेकरूला नाही म्हणून सांगितलं," तो म्हणाला. "मागची खोली तशीच राहील. तू रविवारी येऊन झोप तिथे दुपारची."

"रविवारी जेवायला येईन," आई म्हणाली. "झोपायला माझा पलंग आहे. आणि सकाळचा फोन करत जा. सहाव्या घंटीपर्यंत थांबायचं मात्र. मला खालून वर यायला वेळ लागतो."

"बरं."

"शिवाय एक काम सांगायचंय. हिला," तिने सुनेकडे मान केली, "आठवड्यातून एक दिवस माझ्याकडे पाठव. हिच्या हाताला कात्री बसते."

"मला काय विचारतेस?" थोरला म्हणाला. "तिलाच विचार."

सून "येते" म्हणाली. प्रश्न पुरता विचारला जायच्या आतच म्हणाली.

काकांनी खिशातून एक नवी कोरी टेप काढली. ती त्यांनी मधल्या वेळात दुकानातून मागवली होती. आईने ती घेतली, उलगडून लोखंडी टेपशेजारी ठेवून पाहिली, दोन्ही टोकं पाहिली, आणि मग गळ्यात घातली. जुनी टेप तिने गुंडाळून पिशवीत ठेवली.

घरच्यांसाठी पुढच्या रांगेतल्या खुर्च्या राखलेल्या होत्या. आई म्हणाली, "तुम्ही बसा. मी माझ्या जागेवर बसते," आणि मागच्या रांगेतल्या नेहमीच्या खुर्चीवर जाऊन बसली. शेजारच्या खुर्चीवर तिने पिशवी ठेवली. बोटं सुईने टोचून टोचून जाड झाली होती, पाठ दुखत होती, आणि तिला इतकी भूक लागली होती की घरी गेल्यावर टेबल पुसून, बसून जेवायचं असं तिने ठरवून टाकलं.

खुर्च्या भरत होत्या. समोर पडदा होता, गर्द लाल, जमिनीला टेकलेला. आधी कुणीच त्याच्याकडे लक्ष दिलं नाही, जसं लक्ष जाऊ नये तसं. दिवे मंद होऊ लागले. रांगेच्या टोकाकडून एक उशिरा आलेली, दम लागलेली बाई लोकांच्या गुडघ्यांवरून वाट काढत तिच्यापाशी आली आणि थांबली. तिने पिशवीकडे पाहिलं.

"इथे कुणी येणार आहे का?"

आईने पिशवीकडे पाहिलं. इतके दिवस ती पिशवी तिथेच होती. तिने ती उचलून मांडीवर घेतली.

"नाही," ती म्हणाली. "रिकामी आहे. बसा."

बाई बसली, हुश्श केलं आणि समोर पाहिलं. "पडदा नवा दिसतोय."

"हो," आई म्हणाली, "आजच लावलाय," आणि तिसरी घंटा वाजली.